लार्सन अँड टुब्रोचे मोठे भागधारक कोण? यादी वाचण्याची रीत

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक भारतीय कंपनीला तिमाही संपल्यापासून २१ दिवसांच्या आत आपल्या भागधारकांचा तक्ता शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. सेबीच्या २०१५ सालच्या नियमावलीतील ३१ व्या नियमाने हे बंधन घातले आहे. बाजारात या तक्त्याला सरसकट ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ म्हणतात. जूनअखेरची स्थिती २१ जुलैपर्यंत, सप्टेंबरअखेरची २१ ऑक्टोबरपर्यंत, याप्रमाणे वर्षातून चारदा तो जाहीर होतो आणि कोणालाही विनामूल्य पाहता येतो. एखाद्या कंपनीत कोणत्या म्युच्युअल फंडाचे, विमा कंपनीचे किंवा पेन्शन फंडाचे किती शेअर आहेत, याचा शोध याच तक्त्यापासून सुरू होतो.

मात्र तो तिथे संपत नाही. तक्त्यात नावे असतात ती शेअर ज्यांच्या खात्यावर आहेत त्यांची. ते शेअर ठेवायचे की विकायचे आणि कंपनीच्या सभेत मत कोणत्या बाजूने द्यायचे, हे ठरवणारी संस्था त्या नावामागे असते आणि तिचे नाव कधी वेगळेच असते. शिवाय ठरावीक मर्यादेखालच्या भागधारकांची नावे तक्त्यात येतच नाहीत. म्हणून यादी मिळवणे पाच मिनिटांचे काम असले, तरी ती नीट वाचायला थोडी बैठक मारावी लागते. लार्सन अँड टुब्रो या एका कंपनीचे उदाहरण घेतले की ही सगळी वळणे एकापाठोपाठ एक समोर येतात.

तक्ता कुठे मिळतो, त्यात काय असते

लार्सन अँड टुब्रो ही १९३८ साली हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत सुरू केलेली कंपनी. मुंबई शेअर बाजारात तिचा क्रमांक 500510 आहे आणि राष्ट्रीय शेअर बाजारात तिचे चिन्ह LT असे आहे. bseindia.com वर हा क्रमांक टाकून कंपनीचे पान उघडले की बाजूच्या यादीत Shareholding Pattern हा दुवा दिसतो. nseindia.com वर हेच तक्ते कंपन्यांनी सादर केलेल्या कागदपत्रांच्या विभागात मिळतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर ते असतात. तिन्ही ठिकाणी मजकूर एकच असतो, कारण मूळ तक्ता कंपनीनेच भरलेला असतो.

तक्त्याचे चार भाग असतात. पहिला भाग गोषवाऱ्याचा, दुसरा प्रवर्तकांचा आणि तिसरा सार्वजनिक भागधारकांचा. चौथ्या भागात या दोन्हींत न बसणारे शेअर येतात. उदाहरणार्थ, कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या योजनेसाठी ट्रस्टने राखून ठेवलेले. लार्सन अँड टुब्रोच्या तक्त्यात प्रवर्तकांच्या ओळीसमोर शून्य असते. या कंपनीला प्रवर्तक घराणेच नाही, त्यामुळे तिची जवळजवळ सगळी मालकी तिसऱ्या भागात उलगडते. संस्थात्मक भागधारक कोणत्याही कंपनीत याच भागात सापडतात.

तिसऱ्या भागात आधी देशी संस्थांचा गट येतो. त्यात म्युच्युअल फंड, पर्यायी गुंतवणूक निधी, बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह आणि पेन्शन निधी अशा वेगवेगळ्या ओळी असतात. त्यानंतर परदेशी संस्था, मग सरकार आणि शेवटी संस्था नसलेले सगळे, म्हणजे व्यक्ती, अनिवासी भारतीय, खासगी कंपन्या, ट्रस्ट वगैरे. प्रत्येक ओळीसमोर भागधारकांची संख्या, शेअरची संख्या आणि टक्केवारी दिलेली असते. ओळीखाली नावे येतात ती फक्त एक टक्का किंवा त्याहून अधिक शेअर असलेल्यांची.

इथेच पहिली चूक होऊ शकते. माहिती गोळा करून देणारी अनेक खासगी संकेतस्थळे हा तक्ता चार-पाच रकान्यांत आटोपशीर करून दाखवतात: प्रवर्तक, परदेशी संस्था, देशी संस्था, सरकार आणि ‘पब्लिक’. शेवटचा रकाना म्हणजे किरकोळ गुंतवणूकदार, असा समज सहज होतो. लार्सन अँड टुब्रोच्या बाबतीत तो समज मोठा घोटाळा करतो. कंपनीचे सुमारे १४ टक्के शेअर ‘एल अँड टी एम्प्लॉइज ट्रस्ट’कडे आहेत. २००३-०४ मध्ये कंपनीचा सिमेंट व्यवसाय वेगळा होऊन अल्ट्राटेक झाला. त्या वेळी बिर्ला समूहाच्या ग्रासिमकडे असलेला लार्सनमधील हिस्सा कर्मचाऱ्यांच्या या संस्थेने घेतला, आणि तेव्हापासून ती कंपनीची एक सर्वांत मोठी भागधारक आहे. तक्त्याच्या दृष्टीने ती म्युच्युअल फंड नाही, विमा कंपनी नाही आणि बँकही नाही. म्हणून ती बिगरसंस्थात्मक गटात, ट्रस्टच्या ओळीत जाते आणि संकेतस्थळाच्या ‘पब्लिक’ या रकान्यात विरघळून जाते. मोठे भागधारक शोधताना संस्थांच्या ओळी संपल्या की थांबू नये, खालच्या ओळींतली एक टक्क्यावरची नावेही पाहावीत, ते यासाठी.

योजनेचे नाव आणि फंड घराण्याचा आकडा

म्युच्युअल फंडांच्या ओळीखाली जी नावे दिसतात, ती वाचून आणखी एक गैरसमज होतो. तिथे बहुधा फंड घराण्याचे नाव नसते, त्याच्या एखाद्या योजनेचे असते: अमुक निफ्टी ५० ईटीएफ किंवा तमुक लार्ज कॅप फंड. समोर दोन, तीन किंवा चार टक्क्यांचा आकडा असतो. वाचणाऱ्याला वाटते की एवढे शेअर त्या एका योजनेकडे आहेत.

वस्तुस्थिती वेगळी असते. डिसेंबर २०१७ मध्ये सेबीने सांगितले की एकाच भागधारकाची वेगवेगळी खाती तक्त्यात वेगवेगळी दाखवू नयेत, ती पॅन क्रमांकानुसार एकत्र करावीत. म्युच्युअल फंड कायद्याच्या दृष्टीने एक ट्रस्ट असतो. त्याच्या योजनांची डिमॅट खाती निरनिराळी असली, तरी पॅन त्या ट्रस्टचा असतो. त्यामुळे एकत्रीकरणानंतर सगळ्या योजनांचे शेअर एका ओळीत येतात आणि नाव मात्र त्यांतल्या एखाद्या खात्याचे, बहुधा मोठ्या खात्याचे, छापले जाते. आकडा सगळ्या घराण्याचा आणि नाव एका योजनेचे, अशी ती ओळ असते.

हे तपासण्याची सोपी खूण त्याच तक्त्यात आहे. म्युच्युअल फंडांच्या ओळीसमोर भागधारकांची संख्या दिलेली असते. देशात फंड घराणी साधारण पन्नास आहेत, योजना मात्र हजारांच्या घरात. तो आकडा पन्नासच्या आतबाहेर असेल, तर मोजणी घराण्यांची झाली आहे असे समजावे. तो शेकड्यांत असेल, तर योजना सुट्या मोजल्या गेल्या आहेत, आणि मग एकाच घराण्याच्या ओळी शोधून त्यांची बेरीज स्वतः करावी लागते. बेरजेवर एक पहाराही आहे. सेबीच्या नियमानुसार कोणत्याही फंड घराण्याला आपल्या सर्व योजना मिळून एखाद्या कंपनीचे मतदानाचा हक्क असलेले दहा टक्क्यांहून अधिक भांडवल घेता येत नाही. एका घराण्याची बेरीज दहाच्या पुढे गेली, तर हिशेबात काहीतरी दोनदा धरले गेले आहे, असे मानायला हरकत नाही.

घराण्याला एकच भागधारक मानण्यामागे व्यवहाराचेही कारण आहे. योजनांचे व्यवस्थापक वेगळे असतात, पण त्या चालवणारी मालमत्ता व्यवस्थापन कंपनी एक असते आणि सभेत मत देण्याचे धोरणही तिचे असते. एप्रिल २०२१ पासून काही महत्त्वाच्या ठरावांवर आणि एप्रिल २०२२ पासून सर्व ठरावांवर म्युच्युअल फंडांना मतदान करणे सक्तीचे आहे. कोणत्या कंपनीच्या कोणत्या ठरावाला होकार दिला, कोणत्या ठरावाला नकार दिला आणि का, हे घराण्यांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागते.

यादीत न दिसणारा एक मोठा पैसा याच ओळीत मिसळलेला असतो. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना, म्हणजे नोकरदारांची ईपीएफओ, ऑगस्ट २०१५ पासून आपल्या ठेवींचा काही भाग शेअर बाजारात गुंतवते. पण ती थेट शेअर घेत नाही, ईटीएफच्या मार्फत घेते. त्यात एसबीआय म्युच्युअल फंड आणि यूटीआय म्युच्युअल फंड यांच्या निर्देशांकावर चालणाऱ्या ईटीएफचा मोठा वाटा आहे. म्हणून लार्सन अँड टुब्रोसारख्या निफ्टीतल्या कंपनीच्या यादीत भविष्यनिर्वाह निधीच्या ओळीत ईपीएफओचे नाव शोधून सापडत नाही. तिचे शेअर या फंड घराण्यांच्या आकड्यात असतात, आणि एसबीआयच्या निफ्टी ५० ईटीएफचे नाव इतक्या कंपन्यांच्या यादीत दिसण्याचे एक कारण हेच आहे. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे तसे नाही. तिचे शेअर ‘एनपीएस ट्रस्ट’ या नावाने पेन्शन निधीच्या ओळीत येतात. तिथेही नावापुढे एखाद्या पेन्शन फंड व्यवस्थापकाचे आणि योजनेचे लांबलचक शेपूट जोडलेले असते. ते पाहून तो आकडा त्या एका योजनेचाच असे लगेच धरू नये.

विमा कंपन्यांची ओळ

विमा कंपन्यांच्या ओळीत पहिले नाव बहुतेक मोठ्या भारतीय कंपन्यांत आयुर्विमा महामंडळाचे असते. लार्सन अँड टुब्रोमध्ये एलआयसीचा हिस्सा बरीच वर्षे दोन आकडी टक्क्यांत राहिलेला आहे. तिचे नाव कधी नुसते, तर कधी एखाद्या निधीच्या उल्लेखासह छापलेले असते. कारण म्युच्युअल फंडासारखेच आहे: पॉलिसीधारकांचे वेगवेगळे निधी वेगवेगळ्या खात्यांत असतात, महामंडळ मात्र एकच असते.

इथे घोटाळा होतो तो सारख्या नावांचा. एलआयसी आणि एलआयसी म्युच्युअल फंड या वेगळ्या संस्था आहेत आणि वेगळ्या ओळींत येतात. एसबीआय लाइफ, एसबीआय म्युच्युअल फंड आणि एसबीआयची पेन्शन फंड कंपनी या तिघांचे निर्णय तीन ठिकाणी होतात. एचडीएफसी आणि आयसीआयसीआय प्रुडेन्शियल या नावांचीही तीच गोष्ट. समूह एक म्हणून त्यांची बेरीज केली, तर यादीत एक असा ‘मोठा भागधारक’ तयार होतो जो प्रत्यक्षात कुठेच नाही. फंड घराण्याच्या आत बेरीज करावी आणि विमा कंपनी, फंड घराणे, पेन्शन कंपनी यांच्यात ती करू नये, हा साधा नियम पुरेसा आहे.

एक टक्क्याच्या खाली

लार्सन अँड टुब्रोचे एकूण शेअर सुमारे साडेसदतीस कोटी अधिक शंभर कोटी, म्हणजे १३७.५ कोटी आहेत. त्याचा एक टक्का म्हणजे १ कोटी ३७ लाख ५० हजार शेअर. हिशेबाला सोपा म्हणून शेअरचा भाव ३,५०० रुपये धरला, तर एक टक्क्याची किंमत सुमारे ४,८०० कोटी रुपये होते. एखाद्या फंड घराण्याने या कंपनीत ४,२०० कोटी रुपये घातले असतील, तर त्याच्याकडे १ कोटी २० लाख शेअर, म्हणजे ०.८७ टक्के हिस्सा असेल. एवढी मोठी रक्कम गुंतवूनही त्याचे नाव तक्त्यात येणार नाही. छोट्या कंपनीत एक टक्क्याची चाळण बारीक असते, मोठ्या कंपनीत तिची भोके चांगलीच मोठी होतात.

चाळणीतून किती निसटले हे मात्र तक्त्यावरूनच कळते. समजा, म्युच्युअल फंडांच्या ओळीत एकूण २० टक्के लिहिले आहे आणि खाली छापलेल्या नावांची बेरीज १५ टक्के होते. उरलेले पाच टक्के, म्हणजे सुमारे ६ कोटी ८७ लाख शेअर, नाव न छापलेल्या घराण्यांकडे आहेत आणि त्यांतल्या कोणाकडेही एक टक्का नाही. पहिले पाच भागधारक हवे असतील, तर ही उरलेली रक्कम सोडून देता येते. पहिले वीस हवे असतील, तर तिचा माग काढावा लागतो.

म्युच्युअल फंडांच्या बाबतीत तो काढता येतो, कारण प्रत्येक घराण्याला महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत प्रत्येक योजनेतील गुंतवणुकीची पूर्ण यादी आपल्या संकेतस्थळावर द्यावी लागते. ती स्प्रेडशीटच्या स्वरूपात असते. प्रत्येक ओळीत कंपनीचे नाव, आयसिन क्रमांक, उद्योग, शेअरची संख्या, लाख रुपयांतील बाजारमूल्य आणि योजनेच्या एकूण मालमत्तेशी असलेली टक्केवारी असते. स्प्रेडशीटमध्ये शोध नावाने घेऊ नये, आयसिन क्रमांकाने घ्यावा. लार्सन अँड टुब्रोच्या शेअरचा आयसिन INE018A01030 असा आहे. नावाने शोधले तर एल अँड टी फायनान्स, एलटीआयमाइंडट्री यांसारख्या वेगळ्या कंपन्या निघतात. शिवाय लार्सनचेच कर्जरोखेही निघतात, त्यांचा शेअरच्या मालकीशी संबंध नसतो आणि त्यांचा आयसिन वेगळा असतो.

समजा, एका घराण्याच्या पाच योजनांत हा क्रमांक सापडला. निफ्टी ईटीएफमध्ये ६० लाख शेअर, लार्ज कॅपमध्ये ३५ लाख, फ्लेक्सी कॅपमध्ये २२ लाख, बॅलन्स्ड ॲडव्हांटेजमध्ये १८ लाख आणि करबचत योजनेत ९ लाख. बेरीज १ कोटी ४४ लाख. तिला १३७.५ कोटींनी भागले की १.०५ टक्के येतात. एकाही योजनेकडे एक टक्का नाही, तरी घराण्याचे नाव तिमाही तक्त्यात यायला हवे आणि आकडा याच्या जवळपास असायला हवा. तिमाहीच्या शेवटच्या महिन्याची स्प्रेडशीट घेतली, तर दोन्ही आकडे एकाच दिवसाचे असतात. ते जुळले की आपली बेरीज बरोबर आहे याची खात्री पटते आणि तीच रीत चाळणीखालच्या घराण्यांना लावता येते.

स्प्रेडशीटच्या शेवटच्या स्तंभातली टक्केवारी मात्र कंपनीच्या मालकीची नसते, आणि या शोधात सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. वरच्या लार्ज कॅप योजनेतल्या ३५ लाख शेअरची किंमत ३,५०० च्या भावाने १,२२५ कोटी रुपये होते. स्प्रेडशीटमध्ये ती १,२२,५०० लाख अशी दिसेल. योजनेची एकूण मालमत्ता ३५,००० कोटी असेल, तर शेवटच्या स्तंभात ३.५ टक्के लिहिलेले असेल. याचा अर्थ योजनेचा साडेतीन टक्के पैसा लार्सनमध्ये आहे. लार्सनची किती मालकी योजनेकडे आहे, हे ३५ लाखांना १३७.५ कोटींनी भागल्यावर कळते, आणि ते उत्तर ०.२५ टक्के आहे. ‘या शेअरमध्ये सर्वाधिक गुंतवणूक असलेले फंड’ अशा शीर्षकाच्या याद्या कधी या स्तंभावरून लावलेल्या असतात. तिथे लहानशी पण एकाच क्षेत्रावर भर देणारी योजना वर चढते आणि खरा मोठा भागधारक खाली राहतो. मालकी मोजायची असेल, तर नेहमी शेअरची संख्या घ्यावी.

आर्बिट्राज आणि तत्सम योजनांत हीच कंपनी दोनदा दिसते, एकदा शेअरच्या यादीत आणि एकदा खाली वायदे व्यवहारांच्या यादीत उणे चिन्हासह. योजनेने शेअर विकत घेऊन तेवढेच वायदे बाजारात विकलेले असतात आणि दोन भावांतला फरक कमावलेला असतो. शेअर त्या दिवशी योजनेच्या खात्यात असतात, म्हणून मालकीच्या मोजणीत ते धरायचे आणि वायद्याची उणे ओळ सोडून द्यायची. मात्र कंपनीवर विश्वास ठेवून ते शेअर घेतलेले नाहीत, भावातला फरक मिटला की ते विकले जातील, याची नोंद बाजूला करून ठेवावी.

विमा कंपन्यांच्या बाबतीत एवढा माग निघत नाही. युलिप निधींची मासिक पत्रके मिळतात, पण पारंपरिक पॉलिसींच्या पैशांतून घेतलेल्या प्रत्येक शेअरची मासिक यादी त्या देत नाहीत. एक टक्क्याखालच्या विमा कंपनीचा नेमका हिस्सा म्हणून सहसा कळत नाही. फक्त ओळीच्या एकूण आकड्यातून छापलेली नावे वजा करून सगळ्यांचा मिळून किती आहे, एवढेच सांगता येते.

परदेशी संस्था

परदेशी गुंतवणूकदारांच्या ओळीत चाळण आणखी फसवी होते. परदेशातील मोठी गुंतवणूक कंपनी भारतात अनेक निधींच्या नावाने येते. प्रत्येक निधीची सेबीकडे नोंद वेगळी आणि पॅनही वेगळा असतो. व्हॅनगार्डसारख्या कंपनीचे दोन-तीन निधी मिळून एक टक्क्याहून बरेच अधिक शेअर असू शकतात, पण प्रत्येक निधी स्वतंत्रपणे एक टक्क्याखाली राहिला, तर यादीत एकही नाव येत नाही. देशी फंड घराण्याची बेरीज तक्त्यात आपोआप होते, परदेशी घराण्याची तशी होत नाही. त्यामुळे तक्त्यावरून ‘देशी फंड मोठे, परदेशी लहान’ असा निष्कर्ष काढण्यात धोका आहे. ओळीचा एकूण आकडा खरा असतो, नावांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखे नसते.

यादीत ‘गव्हर्नमेंट ऑफ सिंगापूर’ किंवा ‘गव्हर्नमेंट पेन्शन फंड ग्लोबल’ अशी नावे आली, तर ती सरकारी पैशांच्या गुंतवणुकीची असतात. पहिले सिंगापूरचे, दुसरे नॉर्वेचे. अमेरिकेत एडीआर असलेल्या कंपन्यांच्या यादीत एखाद्या परदेशी बँकेचे नाव मोठ्या आकड्यासह दिसते. इन्फोसिस आणि आयसीआयसीआय बँक यांच्या बाबतीत ते डॉइश बँक ट्रस्ट कंपनी अमेरिकाज असे आहे. ही बँक गुंतवणूकदार नाही. तिने शेअर स्वतःकडे ठेवून त्यांच्या बदल्यात अमेरिकेतील बाजारासाठी पावत्या दिलेल्या आहेत आणि खरे धारक ते पावतीवाले आहेत. मोठ्या भागधारकांच्या क्रमवारीत तिला जागा देऊ नये.

दोन तिमाहींची तुलना

एका दिवसाची यादी हाती आली की पुढचा प्रश्न असतो, कोणी वाढवले आणि कोणी विकले. इथे दोन गोष्टी डोळ्यांना चकवतात.

पहिली म्हणजे नाव गळणे. मागच्या तिमाहीत १.०२ टक्के दाखवणारे घराणे या वेळी यादीत नाही, म्हणजे त्याने सगळे विकले असे वाटते. प्रत्यक्षात त्याने थोडेसे विकून हिस्सा ०.९७ वर आणला असेल, तरीही नाव गळतेच. म्युच्युअल फंड असेल, तर मासिक स्प्रेडशीटवरून खरे काय ते लगेच कळते. उलट बाजूने, अचानक उगवलेले नाव नव्या गुंतवणूकदाराचेच असेल असे नाही. तो बराच काळ चाळणीखाली असू शकतो.

दुसरी म्हणजे शेअर न घेता वाढलेली टक्केवारी. २०२३ मध्ये लार्सन अँड टुब्रोने ३,२०० रुपये भावाने ३ कोटी १२ लाख ५० हजार शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले आणि रद्द केले. त्यासाठी १०,००० कोटी रुपये खर्च झाले. एकूण शेअर सुमारे १४०.५ कोटींवरून १३७.५ कोटींच्या घरात आले. ज्या संस्थेकडे आधी १२ टक्के होते आणि जिने या योजनेत एकही शेअर दिला नाही, तिचा हिस्सा आपोआप सुमारे १२.२७ टक्के झाला असता. टक्केवारी पाहणारा म्हणेल की तिने पाव टक्का घेतला, शेअरची संख्या पाहणारा म्हणेल की काहीच घडले नाही, आणि दुसऱ्याचेच म्हणणे बरोबर आहे. तिमाहींची तुलना म्हणून नेहमी शेअरच्या संख्येने करावी. मात्र मध्ये बोनस शेअर दिले असतील किंवा शेअरचे विभाजन झाले असेल, तर जुनी संख्या आधी त्या प्रमाणात वाढवून घ्यावी.

दोन तक्त्यांच्या मधल्या काळात मोठे बदल झाले, तर त्यांची बातमी दुसऱ्या वाटेने येते. सेबीच्या २०११ च्या अधिग्रहण नियमावलीनुसार एखाद्याचा हिस्सा पाच टक्क्यांवर गेला, तर त्याने दोन कामकाजी दिवसांत शेअर बाजारांना कळवायचे असते. त्यानंतर दोन टक्क्यांनी वर किंवा खाली गेला, तरीही तसेच. एका दिवसात कोणी कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक शेअरचा व्यवहार केला, तर तो ‘बल्क डील’ म्हणून नावासह त्याच दिवशी जाहीर होतो. कंपनीच्या वार्षिक अहवालातही वर्षअखेरीस पाच टक्क्यांहून अधिक शेअर असलेल्यांची नावे आणि संख्या भागभांडवलाच्या टिपणीत द्यावी लागतात. आधीच्या वर्षाचे आकडे शेजारीच असल्यामुळे जुनी बाजू तपासायला ते उपयोगी पडतात.

कोणत्या दिवशी कोणाचे किती शेअर आहेत, याची पूर्ण यादी अर्थात कंपनीकडे असते. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरी ती कंपनीच्या रजिस्ट्रारला ठरावीक काळाने पाठवतात. बाजारातल्या भाषेत तिला ‘बेनपोस’ म्हणतात. कंपनीचे गुंतवणूकदार संपर्क अधिकारी फंड व्यवस्थापकांना भेटायला जातात, तेव्हा त्यांच्या हातात ती असते. बाहेरच्या माणसाला तिमाही तक्ता, मासिक स्प्रेडशीट आणि मधल्या काळातील जाहीर व्यवहार एवढ्यावर काम भागवावे लागते.

या तिन्हींतून तयार केलेल्या यादीत प्रत्येक नावासमोर चार गोष्टी लिहाव्यात: संस्था कोणती, शेअर किती, कोणत्या तारखेचे आणि आकडा कुठून घेतला. लार्सन अँड टुब्रोसाठी अशी यादी केली, तर वरच्या टोकाला कर्मचाऱ्यांचा ट्रस्ट आणि एलआयसी येतील. त्यांच्याखाली मोठी फंड घराणी आणि एनपीएस ट्रस्ट येतील, आणि त्याखालचा भाग महिन्यागणिक बदलत राहील. तारीख न लिहिलेली यादी तीन-साडेतीन महिने जुनी असू शकते, कारण सप्टेंबरअखेरचा तक्ता ऑक्टोबरात आला, की पुढचा जानेवारीत येईपर्यंत तोच ताजा मानला जातो.